पडद्यावरच्या तक्त्यापासून छापील परिच्छेदापर्यंत

समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा शिक्षणशास्त्र यांत संशोधन करणाऱ्या माणसाच्या कामात एक टप्पा हमखास येतो. माहिती गोळा झालेली असते, ती संगणकात भरून तपासलेली असते, आणि एक आज्ञा दिली की क्षणात रिग्रेशनचा तक्ता समोर येतो. बरेच जण इथे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण नियतकालिकाचा वाचक हा तक्ता वाचत नाही, तो त्याखालचा परिच्छेद वाचतो. तो परिच्छेद लिहिणे हे वेगळे काम आहे आणि ते सॉफ्टवेअर करून देत नाही.

हे काम एका खऱ्या उदाहरणावर पाहू. जेफ्री वूल्ड्रिज यांच्या अर्थमितीवरील पाठ्यपुस्तकामुळे जगभरच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीची झालेली ही माहिती आहे. १९७६ साली अमेरिकेत झालेल्या ‘करंट पॉप्युलेशन सर्व्हे’तील ५२६ कामगारांची. प्रत्येकाचे ताशी वेतन डॉलरमध्ये, शिक्षणाची वर्षे, कामाच्या अनुभवाची वर्षे आणि सध्याच्या मालकाकडे काढलेली वर्षे असे चार रकाने आपण घेऊ. या नमुन्यात ताशी वेतनाची सरासरी ५.९० डॉलर आहे आणि शिक्षणाची सरासरी साडेबारा वर्षांच्या आसपास.

प्रश्न साधा आहे: जास्त शिकलेल्यांना जास्त वेतन मिळते का, आणि मिळत असेल तर किती? अनुभव आणि एकाच ठिकाणी टिकून राहण्याची वर्षे यांचाही वेतनाशी संबंध असतो, म्हणून तीही हिशेबात घ्यायची. वेतन जसेच्या तसे न घेता त्याचा लॉगरिदम घ्यायचा. अर्थतज्ज्ञ जेकब मिन्सर यांच्या १९७४ च्या पुस्तकापासून वेतनाचा अभ्यास बहुधा याच पद्धतीने होत आला आहे. स्टाटा या सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ टंकली की पुढील तक्ता मिळतो:

```
. reg lwage educ exper tenure

      Source |       SS       df       MS      Number of obs =     526
-------------+----------------------------     F(  3,   522) =   80.39
       Model |  46.8741776     3  15.6247259   Prob > F      =  0.0000
    Residual |  101.455574   522  .194359337   R-squared     =  0.3160
-------------+----------------------------     Adj R-squared =  0.3121
       Total |  148.329751   525   .28253286   Root MSE      =  .44086

------------------------------------------------------------------------
 lwage |     Coef.   Std. Err.      t    P>|t|    [95% Conf. Interval]
-------+----------------------------------------------------------------
  educ |   .092029   .0073299    12.56   0.000    .0776292    .1064288
 exper |  .0041211   .0017233     2.39   0.017    .0007357    .0075065
tenure |  .0220672   .0030936     7.13   0.000    .0159897    .0281448
 _cons |  .2843595   .1041904     2.73   0.007    .0796756    .4890435
------------------------------------------------------------------------
```

चाळीसहून अधिक आकडे. यातले परिच्छेदात जायला हवेत ते दहा-बारा, आणि तेही बहुतेक आहे त्या रूपात नव्हेत. प्रबंधांच्या पहिल्या मसुद्यात मात्र साधारण असा मजकूर सापडतो:

“तक्ता क्र. १ वरून असे दिसून येते की educ चा गुणांक .०९२०२९ असून टी मूल्य १२.५६ व पी मूल्य ०.००० आहे. त्यामुळे educ हा चल अत्यंत सार्थ आहे. exper चा गुणांक .००४१२११, टी मूल्य २.३९ व पी मूल्य ०.०१७ असल्याने तोही सार्थ आहे. tenure चा गुणांक .०२२०६७२ असून तोही अत्यंत सार्थ आहे. आर-स्क्वेअर ०.३१६० असल्याने मॉडेल ३१.६ टक्के अचूक आहे. यावरून शिक्षणामुळे वेतन वाढते हे सिद्ध होते.”

यात एकही आकडा चुकीचा उतरवलेला नाही. तरीही वाचकाच्या हाती काही लागत नाही. शिक्षणाचे एक वर्ष वाढले तर वेतन किती जास्त, हा मूळ प्रश्न तसाच राहिला आहे. लिहिणाऱ्याने तक्त्याच्या ओळी वरून खाली वाचत नेल्या आणि प्रत्येक ओळीला एक वाक्य दिले. तक्त्याचा क्रम हा आज्ञेत चलांची नावे ज्या क्रमाने टंकली त्याचा क्रम असतो. परिच्छेदाचा क्रम प्रश्नावरून ठरायला हवा, आणि माझ्या मते सगळी दुरुस्ती तिथूनच सुरू होते.

पहिले काम, गुणांकाला माणसांच्या भाषेत आणणे. `educ` समोरचा .०९२ हा आकडा डॉलर नाही आणि टक्केही नाही. तो वेतनाच्या लॉगरिदममधला फरक आहे, आणि वेतनाच्या लॉगमध्ये कुणी विचार करत नाही. म्हणून तो उलटा फिरवावा लागतो: ई या संख्येचा ०.०९२ वा घात काढायचा, त्यातून १ वजा करायचा आणि १०० ने गुणायचे. उत्तर येते ९.६ टक्के. म्हणजे अनुभव आणि सध्याच्या नोकरीतली वर्षे सारखी असलेल्या दोन कामगारांपैकी एक वर्ष जास्त शिकलेल्याचे ताशी वेतन सुमारे ९.६ टक्क्यांनी जास्त असते. गुणांकाला सरळ १०० ने गुणून ९.२ टक्के असेही अनेक जण लिहितात. गुणांक लहान असेल तर ते चालते, कारण फरक किरकोळ पडतो. मात्र आपण कोणता हिशेब केला ते लेखात एकदा सांगावे आणि पुढे सगळीकडे तोच ठेवावा. एका वाक्यात ९.२ आणि पुढच्यात ९.६ आले की वाचकाचा विश्वास उडतो.

इथे आणखी एक खाच आहे. हे टक्के चक्रवाढ आहेत. बारावीपर्यंत शिकलेला आणि चार वर्षे महाविद्यालयात काढून सोळा वर्षे शिकलेला यांच्यातला फरक ९.६ च्या चौपट, म्हणजे ३८.४ टक्के, नाही. आधी गुणांकाला चारने गुणायचे, मग घात काढायचा, तेव्हा उत्तर ४४.५ टक्के येते. हा आकडा परिच्छेदात आणण्याजोगा आहे. एका वर्षाचा फरक वाचकाला अमूर्त वाटतो, पण शाळा संपवून थांबलेला आणि पदवीपर्यंत गेलेला यांच्यातला फरक तो डोळ्यांपुढे आणू शकतो.

आता शेजारचा `P>|t|` हा रकाना. तिथे `0.000` छापलेले आहे आणि ते तसेच उतरवण्याचा मोह फार होतो. पण पी मूल्य शून्य नसते. सॉफ्टवेअर तीन दशांशांपर्यंतच छापते, म्हणून त्याहून लहान संख्या शून्यासारखी दिसते. लेखात ती ‘पी < ०.००१’ अशी लिहायची. हा केवळ शिष्टाचार नाही. शून्य लिहिणे म्हणजे हा निकाल योगायोगाने येणे अशक्य आहे असे म्हणणे, आणि तसे कोणतीही आकडेवारी सांगत नाही. पी मूल्य एवढेच सांगते की खरा गुणांक शून्य असता आणि मॉडेलची बाकी गृहीतके बरोबर असती, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल हाती येण्याची शक्यता किती. आपले गृहीतक खरे असण्याची शक्यता किती, हे त्यातून निघत नाही. या आकड्याचा इतका गैरवापर होत होता की अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये त्यावर स्वतंत्र निवेदन काढले. पी मूल्य परिणामाचा आकार मोजत नाही, हेही त्यात स्पष्ट सांगितले आहे.

तो आकार म्हणजे काय, हे `exper` च्या ओळीत चांगले दिसते, म्हणून तिथे जरा थांबू. पी मूल्य ०.०१७, म्हणजे नेहमीच्या ०.०५ च्या मर्यादेत. मसुदा लिहिणाऱ्याने म्हणूनच ‘तोही सार्थ आहे’ असे लिहून शिक्षण आणि अनुभव एकाच पंगतीत बसवले. पण गुणांक पाहा. अनुभवाच्या एका वर्षामागे वेतनातला फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, ०.४१ टक्के आहे. विश्वास अंतराल, म्हणजे या माहितीशी सुसंगत ठरणाऱ्या मूल्यांचा पट्टा, ०.०७ टक्क्यापासून ०.७५ टक्क्यापर्यंत पसरला आहे. खालचे टोक शून्याला जवळपास टेकलेले, आणि वरचे टोक त्याच्या दसपट. अनुभवाचा वेतनाशी संबंध आहे असे म्हणायला आधार आहे, पण तो लहान आहे, आणि नेमका किती लहान हे या माहितीवरून घट्ट सांगता येत नाही. हे सगळे ‘सार्थ’ या एका शब्दात मावत नाही.

शिवाय इथे दशांशांचा प्रश्न येतो. अनेक नियतकालिके सगळे आकडे दोन दशांशांत मागतात. नियम निमूटपणे पाळला तर तक्त्यात अनुभवाचा गुणांक ०.०० आणि त्याची प्रमाण त्रुटीही ०.०० अशी छापली जाते आणि शेजारी सार्थकतेचा तारा चमकतो. शून्याला तारा कसा, असे वाचकाने विचारले तर त्याचे काय चुकले? उलट बाजूला .०९२०२९ असे सहा दशांश ठेवणेही बरोबर नाही. या गुणांकाची प्रमाण त्रुटी ०.००७ आहे, म्हणजे तिसऱ्याच दशांशात सात-आठ एककांची अनिश्चितता आहे. त्यापुढचे अंक छापून आपल्याकडे नसलेली अचूकता असल्याचा भास निर्माण होतो. यावर मला सर्वांत सोयीचा वाटणारा उपाय म्हणजे मापाचे एकक बदलणे. अनुभव एका वर्षाऐवजी दहा वर्षांच्या टप्प्यात मोजा. मग वाक्य होते: दहा वर्षांच्या जादा अनुभवासोबत वेतन ४.२ टक्क्यांनी जास्त, अंतराल ०.७ ते ७.८ टक्के. आकडा दिसू लागतो, त्याची अनिश्चितताही दिसू लागते, आणि दशांशांचा नियमही मोडत नाही.

अनुभवाबद्दल अजून दोन गोष्टी आहेत, आणि त्या पडद्यावर कुठेच दिसत नाहीत. पहिली, या माहितीतला अनुभव ‘संभाव्य’ अनुभव आहे. कामगाराने प्रत्यक्ष किती वर्षे काम केले हे विचारून तो मिळवलेला नसतो. सहसा वयातून शिक्षणाची वर्षे आणि शाळेत जाण्यापूर्वीची सहा वर्षे वजा करून जे उरते तो अनुभव धरला जातो. मुलांसाठी दहा वर्षे घरी राहिलेल्या स्त्रीच्या खात्यावरही ती दहा वर्षे अनुभव म्हणूनच पडतात. तक्त्यात `exper` एवढेच लिहिलेले असते. परिच्छेदात मात्र ‘संभाव्य अनुभव’ असे पूर्ण लिहिले पाहिजे, नाहीतर वाचक त्याचा वेगळा अर्थ घेऊन पुढे जाईल. चलांची संगणकी नावे मजकुरात आणायची नाहीत, याचे खरे कारण हे आहे. `lwage`, `exper` ही लिहिणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली नावे. त्यांत मोजमापाची हकीकत दडून जाते.

दुसरी गोष्ट, ‘बाकी सारखे ठेवून’ या शब्दांचा अर्थ. अनुभवाचा ०.४१ टक्के हा आकडा सध्याच्या नोकरीतली वर्षे न बदलता काढलेला आहे. म्हणजे तुलना कोणाची? सध्याच्या मालकाकडे दोघेही पाच वर्षे आहेत, पण त्याआधी एकाने इतरत्र एक वर्ष जास्त काम केले आहे, अशा दोघांची. एखादा कामगार त्याच मालकाकडे आणखी एक वर्ष राहिला, तर त्याचा अनुभवही एका वर्षाने वाढतो आणि नोकरीतला काळही. तेव्हा दोन्ही गुणांकांची बेरीज करावी लागते: ०.००४१ अधिक ०.०२२१, म्हणजे सुमारे २.७ टक्के. ‘अनुभवाला बाजारात किंमत नाही’ असा निष्कर्ष पहिल्या आकड्यावरून काढणारा लेखक इथे फसतो. रिग्रेशनमधला प्रत्येक गुणांक त्याच्यासोबत मॉडेलमध्ये कोण बसले आहे यावर अवलंबून असतो, आणि परिच्छेदात ते कोण हे दर वेळी कळले पाहिजे.

आर-स्क्वेअर लवकर आटोपता येते. ०.३१६ याचा अर्थ मॉडेल ३१.६ टक्के अचूक आहे असा नाही, आणि अंदाज १०० पैकी ३१ वेळा बरोबर येतो असाही नाही. या ५२६ लोकांच्या लॉग वेतनात जो चढउतार आहे, त्यातला ३१.६ टक्के या तीन घटकांशी जोडता येतो, एवढेच. व्यक्तींच्या वेतनाच्या अभ्यासात असा आकडा मुळीच अनपेक्षित नाही. एकाच शिक्षणाची आणि अनुभवाची दोन माणसे वेगळ्या शहरांत, वेगळ्या उद्योगांत वेगळे कमावतात. आर-स्क्वेअर कमी आहे म्हणून शिक्षणाचा गुणांक खोटा ठरत नाही, आणि जास्त असता म्हणून खरा ठरला नसता.

`_cons` ची ओळ परिच्छेदात आणायची गरज नाही. ती शून्य वर्षे शिकलेल्या, शून्य अनुभवाच्या आणि आजच नोकरीला लागलेल्या माणसाच्या लॉग वेतनाचा अंदाज देते, आणि तशी माणसे नमुन्यात जवळपास नाहीतच. ती तक्त्यात राहू द्यावी. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या वर्गांच्या बेरजा तक्त्यातही नकोत. एफ मूल्य नियतकालिकाची रीत असेल तर तक्त्याखाली द्यावे.

राहिले शेवटचे वाक्य, ‘शिक्षणामुळे वेतन वाढते हे सिद्ध होते’. सगळ्यात जास्त नुकसान करणारे वाक्य हेच. या माहितीत कुणाला लॉटरी काढून शिक्षण वाटलेले नाही. जे जास्त शिकले ते कदाचित सुस्थितीतल्या घरांतून आले असतील, हुशार असतील, चिकाटीचे असतील, आणि या गोष्टी शिक्षणाविनाही त्यांना जास्त वेतन मिळवून देऊ शकल्या असत्या. तसे असेल तर ९.६ टक्क्यांतला काही भाग शिक्षणाचा नसून घराचा किंवा बुद्धीचा आहे. मॉडेलमध्ये त्यांचा रकानाच नाही, त्यामुळे तो भाग वेगळा काढता येत नाही. मराठीत ही काळजी क्रियापदावर घेता येते. ‘वाढते’, ‘वाढवते’, ‘परिणाम होतो’, ‘मुळे’ हे शब्द कार्यकारणभाव गृहीत धरतात. ‘सोबत जास्त आढळते’, ‘संबंधित आहे’, ‘तुलनेत अधिक आहे’ हे शब्द जेवढे मोजले तेवढेच सांगतात. एखादा मसुदा हाती आला की मी आधी त्यातले ‘मुळे’ शोधतो. बहुतेक वेळा लेखकाने ते ठरवून लिहिलेले नसतात, ओघात आलेले असतात, आणि नेमके तेच वाक्य पुढे कुणाच्या तरी शिफारशीत उद्धृत होते.

या सगळ्याचा विचार करून तोच निकाल असा लिहिता येईल:

“संभाव्य अनुभव आणि सध्याच्या नोकरीतील काळ सारखा असताना, शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षासोबत ताशी वेतन सुमारे ९.६ टक्क्यांनी जास्त आढळले (९५ टक्के विश्वास अंतराल ८.१ ते ११.२ टक्के, पी < ०.००१, तक्ता १). या हिशेबाने १२ वर्षे आणि १६ वर्षे शिकलेल्या कामगारांच्या वेतनात सुमारे ४४.५ टक्क्यांचा फरक दिसतो. सध्याच्या मालकाकडील प्रत्येक जादा वर्षासोबत वेतन २.२ टक्क्यांनी जास्त होते (१.६ ते २.९ टक्के, पी < ०.००१). नोकरीतील काळ सारखा असताना संभाव्य अनुभवाचा वाटा त्यामानाने लहान आणि कमी नेमका आहे: दहा वर्षांच्या जादा अनुभवासोबत वेतन ४.२ टक्क्यांनी जास्त (०.७ ते ७.८ टक्के, पी = ०.०१७). ५२६ कामगारांच्या लॉग वेतनातील ३१.६ टक्के चढउतार या तीन घटकांशी जोडता येतो. कामगारांची क्षमता आणि कौटुंबिक पार्श्वभूमी यांची माहिती उपलब्ध नसल्याने शिक्षणाचा हा आकडा शिक्षणाचा परिणाम म्हणून वाचता येणार नाही.”

सहा वाक्ये. पहिले वाक्य प्रश्नाचे उत्तर देते, दुसरे त्याला मोठ्या मापात दाखवते, मग उरलेले दोन घटक त्यांच्या वजनानुसार येतात. तक्त्यात दुसरा असलेला अनुभव इथे शेवटी गेला आहे. टी मूल्ये आणि प्रमाण त्रुटी मजकुरात एकदाही आल्या नाहीत. अंतराल दिल्यावर त्यांची पुनरुक्ती कशाला? ज्याला हव्या असतील त्याच्यासाठी तक्ता १ आहे. त्या तक्त्याखाली मात्र एक टीप आवश्यक आहे: प्रमाण त्रुटी कोणत्या पद्धतीने काढल्या. स्टाटाची साधी आज्ञा असे धरून चालते की मॉडेलपासूनचे विचलन सगळ्या कामगारांसाठी सारखे पसरलेले आहे. जास्त शिकलेल्यांच्या वेतनात जास्त तफावत असेल तर हे गृहीत टिकत नाही. तेव्हा आज्ञेच्या शेवटी `, vce(robust)` जोडून त्रुटी पुन्हा काढाव्या लागतात. गुणांक तेच राहतात, अंतराल आणि पी मूल्ये बदलू शकतात. दोन्हींपैकी काय वापरले हे न सांगता अंतराल छापणे म्हणजे अर्धी माहिती देणे.

लिहून झाल्यावर आकडे मूळ तक्त्याशी पुन्हा जुळवून पाहणे ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण ती टाळण्याची किंमत मोठी आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी `statcheck` नावाचा एक प्रोग्रॅम तयार केला. तो छापील लेखातले टी किंवा एफ मूल्य आणि स्वातंत्र्यांश वाचून पी मूल्य स्वतः काढतो आणि लेखात दिलेल्या पी मूल्याशी ताडून पाहतो. १९८५ ते २०१३ या काळातले मानसशास्त्राच्या आठ नियतकालिकांतले लेख त्यातून तपासले, तेव्हा अशी मूल्ये असलेल्या जवळपास निम्म्या लेखांत निदान एक पी मूल्य विसंगत निघाले. दर आठ लेखांमागे एकात तर विसंगती इतकी मोठी होती की निष्कर्षच बदलू शकला असता. बऱ्याच चुका हाताने उतरवताना किंवा मॉडेल बदलल्यावर जुना आकडा तसाच राहिल्याने होऊ शकतात. त्यावर दोन उपाय आहेत. तक्ता कधीही हाताने टंकू नये. स्टाटात `esttab` सारखी आज्ञा तो थेट फाइलमध्ये उतरवते. आणि मजकुरातल्या आकड्यांसाठी कागदावरची छोटी तपासणी करावी: गुणांकाला प्रमाण त्रुटीने भागले की टी मूल्य आले पाहिजे, ०.०९२ भागिले ०.००७३ म्हणजे १२.६. गुणांक अंतरालाच्या बरोबर मध्यभागी असला पाहिजे. टक्क्यांत रूपांतर केल्यावर मात्र तो किंचित डावीकडे सरकतो, जसा ९.६ हा ८.१ आणि ११.२ यांच्या मध्यापासून जरासा खाली आहे. ती चूक नव्हे.

दुसरे मॉडेल आले की परिच्छेद पुन्हा हलतो. याच ५२६ कामगारांच्या माहितीत स्त्री की पुरुष हा रकाना घातला, आणि अनुभव व नोकरीतील काळ यांचे वर्गही घातले, तर स्त्रियांसाठीचा गुणांक उणे ०.२९७ येतो आणि आर-स्क्वेअर ०.४४१ होते. इथे १०० ने गुणण्याची सवय महागात पडते. २९.७ टक्के कमी असे लिहिले तर ते चूक ठरते, कारण गुणांक आता लहान राहिलेला नाही. घात काढून योग्य आकडा येतो २५.७ टक्के: तेवढेच शिक्षण, तेवढाच संभाव्य अनुभव आणि नोकरीत तेवढीच वर्षे असलेल्या पुरुषाच्या तुलनेत स्त्रीचे ताशी वेतन २५.७ टक्क्यांनी कमी. त्याच वेळी शिक्षणाचा गुणांक ०.०९२ वरून ०.०८० वर उतरतो, म्हणजे वर्षाला सुमारे आठ टक्के. हा उतार परिच्छेदात नोंदवायला हवा, पण ‘लिंगभेद लक्षात घेतल्यावर शिक्षणाचा वाटा घटला’ असे लिहिता येणार नाही, कारण दोन मॉडेलांमध्ये एकच गोष्ट बदललेली नाही. वर्गांची पदेही त्याच वेळी आत आली आहेत. तसे लिहायचे असेल तर मधले एक मॉडेल चालवून फक्त स्त्री-पुरुष हा रकाना आत घ्यावा आणि त्याचा गुणांक तक्त्याच्या वेगळ्या स्तंभात द्यावा.